होळीच्या पोळीचा फॉरवर्ड आणि माझ्या मीटरचे दोन रविवार

"शुगरवाल्यांनो, सणाला बिनधास्त गोड खा! फक्त सकाळपासून पोट रिकामं ठेवा, साखरेऐवजी गुळाचं खा, आणि जेवल्यावर मीटर लावत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बघा, नॉर्मल आली की समजा काही बिघडलं नाही. पुढे पाठवा."

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा तिसऱ्यांदा आला आणि खाली चार जणांनी अंगठे दिले, त्यातले दोघं इन्सुलिनवर आहेत. मला टाइप टू होऊन अकरा वर्षं झाली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, म्हणून लिहितेय.

आधी गूळ. गुळात बहुतांश साखरच असते, लोह वगैरे असतं पण एका पोळीत जेवढा गूळ जातो तेवढ्यात ते नावालाच. आमच्याकडे पाव किलो डाळ आणि पाव किलो गूळ यात दहा पोळ्या होतात, म्हणजे एका पोळीत 25 ग्रॅम डाळ, 25 ग्रॅम गूळ आणि वर साधारण तेवढीच कणीक. हिशोब केला तर एका पोळीत 55 ग्रॅमच्या आसपास कार्ब्स होतात, म्हणजे जवळजवळ चार छोटे फुलके! गुळाच्या जागी साखर घातली तरी हा आकडा एक-दोन ग्रॅमनेच हलतो. "गुळाची आहे, अजून एक घे" म्हणणाऱ्या जाऊबाईंना मी हे वजनकाट्यावर दाखवलं, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत ते सोडा.

आता रिकामं पोट. हे वाचून मला खरंच राग आला, कारण हे मी भोगलंय. भाच्याच्या लग्नात मुहूर्त साडेबाराचा, मी सकाळी आठला गोळी घेतली आणि "दुपारी जिलबी आहे" म्हणून नुसता चहा प्यायले. मुहूर्त टळला, मग फोटो, मग आहेर, पावणेतीन वाजले तरी पंगत बसेना आणि मला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. मीटर 64. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, ते साखर खाली आणतच राहतं. वर कुणीतरी प्रेमाने पेढा पुढे केला. पेढ्यात तूप-खवा असतो, त्याची साखर रक्तात यायला वेळ लागतो, अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून 70 च्या खाली असेल तर परत तेवढीच, आणि सावरलं की काहीतरी खायचं. शिवाय ज्यांना हे खाली जायचं भय नाही त्यांनाही उपाशी राहून फायदा नाही, नाश्ता बुडवला की दुपारचं तेच जेवण शुगर उलट जास्त चढवतं. मी आता लग्नाला जाताना मुगाचं धिरडं नाहीतर दोन अंडी खाऊन निघते आणि त्या दिवशीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवते. मनाने गोळी वाढवायची नाही आणि बंदही करायची नाही.

"मीटर लावत बसू नका" हा तर कहर आहे, कारण सगळं उत्तर तिथेच मिळतं. मी काय केलं, होळीच्या आधीच्या दोन रविवारी घरी पोळ्या करून रंगीत तालीम घेतली. पहिल्या रविवारी नेहमीसारखं ताट: वरणभात, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, कटाची आमटी. जेवायच्या आधी 116, पहिल्या घासापासून दोन तासांनी 243. (घड्याळ पहिल्या घासाला लावायचं, हात धुतल्यावर नाही, इथे बरेच जण चुकतात.) म्हणजे 127 ची उडी. दुसऱ्या रविवारी आधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर मटकीची उसळ संपवली, मग एकच पोळी एक चमचा तुपाबरोबर, भात नाही, आणि जेवून पंधरा मिनिटं गच्चीत फेऱ्या. आधी 121, दोन तासांनी 171. उडी 50 ची. डॉक्टरांनी मला दोन तासांनी 180 च्या आत सांगितलंय, त्यात बसलं (वयस्कर आणि गरोदर बायकांचे आकडे वेगळे असतात, माझे उचलू नका). मग तिसऱ्या तासालाही एक पट्टी घालवली, 178 आलं. तूप जास्त असलं की पोट सावकाश रिकामं होतं आणि शुगर उशिरा चढते, त्यामुळे पुरणपोळी-बासुंदीला नुसतं दोन तासांचं बघून खूश होऊ नका, एकदा तरी तीन तासांचं बघा.

आधीचं रीडिंग कशाला असंही एकीने विचारलं. नुसतं नंतरचं 190 बघून काय कळणार? आधी 120 होतं तर ताटाने 70 चढवलं, आधीच 175 होतं तर ताट बिचारं निर्दोष आणि गडबड आदल्या रात्रीची किंवा सकाळची. माझं साधं ठरलंय, डॉक्टरांना विचारूनच: आधी 130 च्या आत असेल तर ठरवलेली एक पोळी, त्याच्या वर गेलं तर अर्धी, 200 च्या पुढे असेल तर त्या दिवशी नैवेद्याचा घास. लग्नात हेच जिलबीला लावते. जिलबी घ्यायची तर मसालेभात एक डाव आणि पुऱ्या बंद, मठ्ठा चालतो पण बिनसाखरेचा.

एक मात्र सांभाळा, बोट. मागे एका लग्नात मी टिश्यूने हात पुसून मीटर लावलं तर 312! जीव धसकला. मग साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं, 189. बोटाला राहिलेला जिलबीचा पाक मोजत होते मी. तसंच 171 आणि 178 यात फरक शोधू नका, चांगलं मीटरही पंधरा टक्के इकडे-तिकडे दाखवू शकतं, 127 आणि 50 मधला फरक मात्र खरा.

राहिलं दुसऱ्या दिवशी सकाळचं. सकाळची उपाशीपोटीची शुगर मुख्यतः रात्रभर लिव्हर किती साखर सोडतं त्यावर ठरते, काल दुपारी दोन वाजता काय झालं ते तिला बहुतेक वेळा आठवतही नसतं. मी दोन्ही सोमवारी बघितली. दोन पोळ्या आणि वरणभाताच्या 243 नंतरची सकाळ 119, एका पोळीच्या 171 नंतरची सकाळ 122.