सेक्रेटरींचा पारा

नागपूरचा मे महिना सोसता येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी गवतावर उभी असलेली, हवेचं तापमान मोजायचा थर्मामीटर ज्यात टांगतात ती माझी पांढरीशुभ्र स्टीव्हन्सन पेटी ‘गेटला मॅचिंग’ म्हणून चॉकलेटी रंगवून घेतली, ते मात्र सोसत नाही. उरलेला रंग वाया जाऊ नये, एवढाच शास्त्रीय आधार.

‘‘काका, ती पांढरीच लागते हो.’’

‘‘काऊन? तुमचा पारा रंग पाहून चढते का?’’

चढतो! पांढरा रंग बरंचसं ऊन परतवतो. गडद लाकूड ते पिऊन तापतं आणि आतल्या हवेला ऊब देतं. पांढरा रंग नुसता धुळीने मळला, तरी दुपारचा आकडा वर सरकतो. म्हणून पेटी धुवायची आणि दर दोनेक वर्षांनी पुन्हा रंगवायची. पांढराच!

काका शांतपणे म्हणाले, ‘‘मग तर बरंच झालं. तुमची पेटी चव्वेचाळीस सांगत होती, माझा थर्मामीटर त्रेपन्न. आता तुमचीही बरोबर सांगेल.’’

काकांचा थर्मामीटर गच्चीच्या पश्चिमेकडल्या कठड्याला खिळ्याने ठोकलेला आहे. दुपारी तीनला त्याच्यावर ऊन पडतं, काका फोटो काढतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर लोक हात जोडलेली चिन्हं पाठवतात. माझ्या चव्वेचाळिसाला कुणी अंगठासुद्धा दाखवत नाही.

उन्हातला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. त्याचा फुगा ऊन शोषतो आणि वाऱ्याने जेवढी उष्णता निघून जाईल, तिच्याशी जमाखर्च जुळेपर्यंत तापत राहतो. म्हणून एकाच उन्हात शेजारीशेजारी टांगलेले जाड आणि बारीक थर्मामीटर वेगवेगळे आकडे देतात. हवा तर दोघांना एकच असते! ढगाची सावली आली की काही मिनिटांत पारा कित्येक अंश घसरतो, वारा सुटला तरी घसरतो. हे ऐकून काका म्हणाले, ‘‘आपण काय पेटीत राहतो का? उन्हातच फिरतो ना?’’

मुद्दा बिनतोड वाटतो, पण उन्हात माणसाला काय सोसावं लागतं ते ऊन, वारा, दमटपणा आणि घाम मिळून ठरतं. काचेच्या नळीला घाम येत नाही.

शेवटी छत्री आणली. त्यांच्या थर्मामीटरवर हातभर अंतरावरून सावली धरली. दहा मिनिटांत त्रेपन्नाचे अठ्ठेचाळीस झाले. त्याच्या खाली येईना, कारण मागचा कठडा भट्टीसारखा धगधगत होता. नुसती सावली पुरत नाही ती इथे. तापलेली भिंत, स्लॅब, डांबर हेही उष्णता फेकतात. म्हणून पेटी मोकळ्या, गवताच्या जमिनीवर, इमारतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवायची. आमची तीन मजली इमारत दहा मीटर उंच, म्हणजे वीस मीटर. तेवढी जागा मिळाली ती नेमकी काकांच्या पार्किंगच्या तोंडाशी, आणि मला वाटतं सगळं दुखणं तिथेच आहे.

तोच थर्मामीटर नंतर रंगकामातून अजून वाचलेल्या माझ्या जुन्या पांढऱ्या पेटीत टांगला, तेव्हा तो चव्वेचाळिसाच्या जवळ येऊन थांबला. पेटीच्या चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी ओळी असतात, त्यामुळे ऊन अडतं आणि वारा खेळतो. छप्परही दुहेरी असतं, मध्ये हवेची फट. बंद खोकं केलं तर त्याचा ओव्हनच होतो. फुगा जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा. दुपारी जमिनीलगतची हवा कितीतरी जास्त तापलेली असते आणि निरभ्र रात्री तीच आधी गार होते. सगळ्यांनी एकाच उंचीवर मोजलं नाही, तर अकोला आणि नागपूर यांची तुलना कशाच्या जोरावर करणार?

दार उत्तरेकडे असतं, वाचताना ऊन आत शिरू नये म्हणून. पण नागपुरात मे संपता संपता सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेकडेच असतो. सकाळी तर तो ईशान्येकडूनच डोकावतो. तेव्हा दार उघडा, आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश, आणि लगेच लावा. श्वाससुद्धा फुग्यावर सोडू नका. पेटीही निर्दोष नाही म्हणा. वारा अगदी पडला, की तीसुद्धा एखाददोन अंश जास्त दाखवते.

रात्री नऊला काकांना दोन्ही आकडे दाखवले. पेटीत चौतीस, त्यांच्या कठड्यावर सदतीस. ‘‘बघा, आता ऊन नाही, तरी भिंत दिवसभराची उष्णता सोडतेय.’’

काकांनी सदतीसचा फोटो काढला. ‘‘म्हणजे रातचंही माझंच जास्त,’’ म्हणाले, आणि ग्रुपवर टाकून मोकळे झाले.