वायपर

काल संध्याकाळी बिल्डरच्या ऑफिसातून मेसेज आला: ‘अभिनंदन! आपले 47 पैकी 47 पॉइंट क्लोज्ड.’ सोबत फुलांचा गुच्छ. तो मेसेज मी बेडरूममध्ये पलंगावर पाय वर घेऊन वाचला, कारण खाली पाणी होतं.

बडोद्यात भायलीकडच्या या फ्लॅटचं पझेशन घेऊन पाच महिने झाले. किल्ल्या, पेढे, गणपतीचा फोटो हे सगळं सगळ्यांचं सारखंच असतं, ते सोडून देऊ. मी मात्र पहिल्याच आठवड्यात वही घेऊन घरभर हिंडलो, नाणं वाजवून टाइल्स तपासल्या (खाली माल पोकळ राहिला असेल तर ‘ठक’ऐवजी ‘ढब’ असा आवाज येतो), आणि 47 बाबींची यादी बिल्डरला ईमेल केली. खिडकीचा कडी-कोयंडा, उलटा लागलेला स्विच, किचनच्या ओट्याला तडा वगैरे. त्यातला सतरावा पॉइंट असा: ‘मास्टर बाथरूमच्या फरशीचा ढाळ उलटा आहे. पाणी नहाणी ट्रॅपकडे न जाता दाराकडे येतं.’

यादी त्यांच्याकडे गेली की तिचा नवा जन्म होतो, हे मला माहीत नव्हतं. माझा 17 तिकडे 9 झाला, कारण त्यांनी तीन-तीन पॉइंट एकत्र करून ‘बाथरूम जनरल’ असं नाव ठेवलं. मग नळाचा वॉशर बदलला की ‘बाथरूम जनरल’ डन. मी रोज माझ्या एक्सेलमध्ये तारीख घालायचो, ते रोज त्यांच्या शीटमध्ये ‘क्लोज्ड’ घालायचे, आणि दोन्ही शीटांच्या मधल्या जागेत माझ्या बेडरूमचा गालिचा भिजायचा.

सुपरवायझर आला तो तिसऱ्या महिन्यात. बडोद्यात सगळ्यांच्या नावाला ‘भाई’ लागतं, त्यामुळे नाव न सांगता नुसता भाई म्हणतो. हसरा, खिशात मावा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी बादली ओतून दाखवली. पाणी शॉवरखालून निघालं, ट्रॅपच्या जाळीकडे ढुंकूनही न बघता वळसा घालून दाराशी आलं, आणि उंबऱ्याची संगमरवरी पट्टी ओलांडून बेडरूममध्ये शिरलं.

भाई बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून मोबाईल काढून कंपास उघडला.

“साहेब, पाणी ईशानमां जाय छे.”

“म्हणजे?”

“ईशान कोपरो. आ तो शुभ कहेवाय! लोक यासाठी वास्तुवाल्याला पैसे देतात.”

“अहो, पण ते पाणी माझ्या गालिच्यात जातंय.”

“गालिचो ईशानमां ना मुकवानो,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “तिथे जड वस्तू नको.”

मी म्हणालो, पाण्याला दिशा कळत नाही, उतार कळतो. तो म्हणाला, “साहेब, उतार तो छे ज. एटले तो जाय छे.” या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आई बाहेरून ऐकत होती. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या मोरीत पन्नास वर्षं बंब उपसले, पण कधी पाणी साचलं नाही, असं तिने ऐकवलं. आणि पुढे म्हणाली, की विश्वामित्रीला पूर आला की पाणी घरात शिरतं, हे बडोदेकरांना ठाऊक आहे. 2024च्या ऑगस्टमध्ये तर रस्त्यावर मगरी आल्या. पण चौथ्या मजल्यावर, आतूनच पूर? भाईने तिच्या पायांना हात लावला, ‘थई जशे, बा’ म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर एक वायपर आला. निळा, लांब दांड्याचा, प्लास्टिकचं वेष्टण न काढलेला. सोबत ‘साहित्य मिळाले’ अशी पावती. मी भोळेपणाने सही केली. ती सही म्हणजे सतराव्या पॉइंटवर ग्राहकाची संमती ठरली.

एवढा आटापिटा कशासाठी, ते मला नंतर कळलं. नळ, स्विच, कडी हे अर्ध्या तासाचं काम. ढाळ मात्र वरवर दुरुस्त होत नाही. ट्रॅप स्लॅबमधून आरपार गेलेला, तो हलवता येत नाही. म्हणजे सगळी फरशी उखडायची. ती उखडताना खालचं वॉटरप्रूफिंग फाटतं. मग ते नव्याने करायचं, ट्रॅपला बूच मारून पाणी भरून किमान 24 तास ठेवायचं, खालच्या मजल्याच्या छताला ओल येत नाही ना बघायचं, मग माल, मग टाइल. आणि टाइल मोरबीहून त्याच शेडची, त्याच बॅचची मिळायला हवी. उरलेल्या पेट्या बिल्डरने कधीच दुसऱ्या साईटवर लावून टाकल्या. या सगळ्यापुढे वायपर अगदीच स्वस्त, हे मलाही कबूल आहे. माझा राग त्याच्या स्वस्तपणावर नाही, वेष्टणावर आहे. भेटवस्तूसारखं दिलं त्यांनी ते.

शेवटी मीच ओळखीचा एक कडिया म्हणजे गवंडी आणला, म्हातारा. त्याने पिशवीतून पारदर्शक नळी काढली, पाणी भरलं, बुडबुडे झटकून काढले. एक टोक माझ्या हाती देऊन मला दाराशी उभं केलं, दुसरं घेऊन तो ट्रॅपशी गेला. दोन्हीकडे नळीतलं पाणी स्थिरावलं तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण. मग खुणेपासून फरशीपर्यंत टेप. ट्रॅपशी 100 सेंटीमीटर, दाराशी 100.6. म्हणजे ट्रॅपच दारापेक्षा 6 मिलिमीटर उंच. मधलं अंतर 2 मीटर. शंभरास एक असा ढाळ धरला तर ट्रॅप 2 सेंटीमीटर खाली हवा होता. म्हातारा खाली बघत पुटपुटला, “ऊंधो ढाळ छे,” आणि घरात कुणी गेल्यासारखी मान हलवली.

मी फोटो काढले, आकडे लिहिले, आणि रेरा कायद्याचं कलम 14(3) घालून ईमेल केला: पझेशनपासून पाच वर्षांच्या आत दाखवलेला कामातला दोष 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. भाईचा फोन लगेच आला.

“रेरा? ए तो गांधीनगरमां छे, साहेब. एटलुं दूर शुं काम?”

पण सूर जरा मऊ होता. म्हणाला, करून देऊ, फक्त क्लोज्ड पॉइंट शीटमध्ये परत उघडत नाही, तेव्हा तुम्ही नवीन 48वा पॉइंट लिहून पाठवा. मीही आता पूर्वीचा राहिलो नव्हतो. नवा पॉइंट म्हणजे नवी तारीख, आणि 30 दिवस आजपासून पुन्हा सुरू. मी स्पष्ट सांगितलं: पॉइंट सतराच, तारीख पहिल्या ईमेलची, आणि तेही लेखी.

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली.

“थई जशे, साहेब. पण सतरा ओपन करायचा असेल तर मटेरियल रिटर्न दाखवावं लागेल.”

“कुठलं मटेरियल?”

“वायपर.”

शिपाई उद्या सकाळी नऊला न्यायला येतोय. आंघोळ आठच्या आत उरकावी लागेल, आणि वेष्टण कुठे टाकलंय ते कुणालाच आठवत नाहीये.