दानपत्रावर अमात्याचं नाव का असतं?

“सर, सगळीकडे फिरणारा हा मेसेज मलाही पटतो. त्यात लिहिलंय: ‘प्राचीन साम्राज्यं सैन्य, व्यापार आणि करावर उभी राहिली. लेण्यांना, देवळांना दिलेली दानं ही राजांची खासगी श्रद्धा होती. सातवाहन राजे यज्ञ करायचे आणि दान बौद्ध भिक्षूंना द्यायचे, म्हणजे धर्माचा राज्यकारभाराशी संबंधच नव्हता. इतिहास शिकवताना धर्म बाजूला ठेवा.’ मग आपण पहिल्याच तासाला लेण्यांपासून का सुरुवात करतोय?”

हा प्रश्न वर्गातूनच आला, हे बरं झालं. आजचा तास यालाच देतो. साताऱ्यात बसून लेण्यांबद्दल बोलायला लांब जायची गरज नाही, कऱ्हाडला आगाशिवाचा डोंगर आहेच. पण या वादाचा निकाल लावणारे लेख नाशिकला आहेत, म्हणून आज नाशिकच.

आधी खासगी श्रद्धेचं बघू. पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात व्हरांड्याच्या भिंतीवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा एक लेख आहे, त्याच्या राज्याच्या 18 व्या वर्षातला. त्यात प्रार्थना नाही, पुण्याची भाषाही फारशी नाही. राजा विजयी सैन्याच्या छावणीत आहे आणि तिथून गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, हुकूम सोडतो. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं तेव्हाचं प्रशासनाचं ठाणं. हुकूम असा: पश्चिम काखडी गावातलं 200 निवर्तनं, म्हणजे तेव्हाच्या जमिनीच्या मापाने, शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांमधल्या, भिक्षूंना द्यावं. पुढे सवलती येतात. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करायची नाही. हुकूम तोंडी दिला गेला, तो कोणी लिहून घेतला आणि कोणी अंमलात आणला, तेही नोंदलं आहे.

आता मला सांगा, यातलं खासगी काय? राजाने आपल्या जामदारखान्यातून चार मोहरा काढून दिल्या असत्या, तर तसं म्हणता आलं असतं. इथे तो स्वतःच्या अधिकाऱ्यांचा अधिकार एका जमिनीपुरता काढून घेतो आहे. मीठ खणायचा हक्क राजाचा, तो सोडला. अंमलदाराचा वावर बंद केला. महसूल, जमीन आणि पोलिसी अधिकार हे तिन्ही त्या एका दानात गुंतलेले आहेत. सवलतींची ती चार वाक्यं वगळून लेख वाचला, तर सातवाहनांचा जिल्हा कसा चालायचा याचा आपल्याकडचा एक उत्तम पुरावाच हातातून जातो.

खरंखुरं खासगी दान कसं ओळखायचं, तेही याच वेळी शिकून घ्या. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दात्यांची नावं आहेत. अमक्या गावच्या अमक्याने हा खांब दिला, एवढंच. कितीतरी दाते धेनुकाकटचे, त्यात स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. तिथे अमात्य नाही, सवलती नाहीत. त्या लेखांना राजकारणाचं लेबल लावलं तर मीही हरकत घेईन. मेसेज लिहिणाऱ्याची गफलत ही, की त्याने दोन्ही प्रकारची दानं एकाच पोत्यात भरली.

आता सैन्य आणि व्यापार. गौतमीपुत्राने क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान याचा पाडाव केला, याला नाण्यांचा पुरावा सगळे मानतात. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. कितीतरी नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून अर्धवट दिसतो. नाणं तेच, चांदी तीच, फक्त हुकूम कोणाचा चालणार ते बदललं.

आणि काखडीचं ते शेत आधी कोणाकडे होतं? लेख स्वतःच सांगतो: ऋषभदत्ताकडे. हाच उषवदात, नहपानाचा जावई. त्याने त्याच डोंगरावर, दहा नंबरच्या लेण्यात, भिक्षूंसाठी गुंतवणूक करून ठेवली होती. दोन हजार कार्षापण नाणी कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा एक टक्क्याने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं आणि किरकोळ खर्च. म्हणजे गावातले कोष्टी, डोंगरावरचे भिक्षू आणि क्षत्रपाचं घराणं एका व्यवहारात बांधलेले होते. व्यापार बघा म्हणता ना? व्यापार इथेच आहे, लेण्याच्या भिंतीवर.

अशा ठिकाणी नवा राजा आला की त्याला फक्त रणांगण जिंकून भागत नाही. ज्यांच्या घरात इनामाच्या सनदा आहेत त्यांना हे नवं वाटणार नाही: राज्य बदललं की जुनं इनाम नव्या धन्याकडून पुन्हा करून घ्यावं लागतं. गौतमीपुत्राने छावणीतूनच शत्रूच्या माणसाकडची जमीन त्याच डोंगरावरच्या संघाला दिली. नाण्यावर जे झालं तेच जमिनीवर झालं.

मात्र हुकूम निघाला म्हणजे तो चालला, असं समजू नका. त्याच भिंतीवर, पहिल्या लेखाच्या पाठोपाठ, 24 व्या वर्षाचा दुसरा लेख आहे. या वेळी हुकूम गोवर्धनचा अमात्य श्यामक याला आहे, आणि राजाबरोबर राजमाताही तो देते. मजकूर फार प्रामाणिक आहे: काखडीत आम्ही आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, ते गाव वसलेलं नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातली 100 निवर्तनं द्यावीत. सवलती पुन्हा त्याच. सहा वर्षांत गाव उजाड का झालं, लढाईमुळे की आणखी कशाने, हे लेख सांगत नाही, आणि आपण मनाने काही घालायचं नाही. पण राज्याचा हात कुठवर पोचत होता आणि कुठे पोचत नव्हता, हे एका फसलेल्या दानामुळे कळतं.

राहिला यज्ञ आणि भिक्षूंचा मुद्दा. विसंगती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या राज्याच्या 19 व्या वर्षी गौतमीपुत्राची आई, राजमाता गौतमी बलश्रीने तेच लेणं भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दिलं, आणि त्याच्या भिंतीवर आपल्या मुलाची, गौतमीपुत्राची, प्रशस्ती कोरवली. शक, यवन, पह्लवांचा संहार करणारा, क्षहरात वंश निर्मूल करणारा, चार वर्णांचा संकर थांबवणारा, राम, केशव, अर्जुन, भीमसेनासारखा पराक्रमी. बौद्ध विहाराच्या भिंतीवर वर्णव्यवस्थेच्या रक्षकाचं कौतुक! धर्म नगण्य असता तर हे शब्द तिथे कोरायची गरज काय होती? घराण्याला आपला हक्क ब्राह्मणी भाषेत सांगायचा होता, आणि घाटवाटांवर पाय रोवलेल्या संघाशी नातंही तोडायचं नव्हतं. दोन्ही गरजा राज्याच्याच होत्या.

यावरून गौतमीपुत्र मनातून बौद्ध होता, किंवा सगळं ढोंग होतं, असं मात्र लिहू नका. परीक्षेत दरवर्षी कोणीतरी लिहितं. त्याच्या मनात काय होतं हे शिलालेखातून कळत नाही, त्याने कोणाला काय हुकूम दिला ते कळतं.

पुढच्या तासाआधी कार्ल्याचे दोन लेख वाचून या: उषवदाताने वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा, आणि मामलच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला करजक गावाबद्दल सातवाहनांकडून गेलेल्या हुकमाचा. दोन्ही शेजारी ठेवा, आणि काय बदललं, काय तसंच राहिलं, ते वहीत लिहून आणा.