आस्थापना विभागाचे बारसे

वरून परिपत्रक आले की 'आस्थापना विभाग' यापुढे 'मनुष्यबळ व आस्थापना विभाग' म्हणून ओळखला जाईल. खाली साहेबांचा शेरा होता, 'सर्व वर्ड फायलींत बदल करावा. सूचनापत्रक काढावे.' आणि शेऱ्यापुढचा बाण माझ्या टेबलाकडे.

पत्रक टाइप होण्याआधीच शेजारच्या टेबलाने Ctrl+H दाबून Replace All केले. चहा पिऊन आल्यावर शंका आली, म्हणून पुन्हा केले. नव्या नावाच्या पोटात जुने नाव आहेच. वर्डने तेही इमानेइतबारे बदलले आणि आमचे झाले 'मनुष्यबळ व मनुष्यबळ व आस्थापना विभाग'. आणखी एक चहा झाला असता, तर लेटरहेड आडवे छापावे लागले असते.

म्हणून पत्रकात पहिलेच कलम उलटे घातले: आधी नवे नाव शोधून त्याचे जुने करा, मगच जुन्याचे नवे. बटण कितीदाही दाबा, नाव वाढत नाही. हे वाचून साहेब म्हणाले, "म्हणजे आधी सगळं बिघडवायचं?" मी म्हटले, "हो साहेब, पण फोल्डरच्या कॉपीवर." तेवढ्यात त्यांना मीटिंग आठवली.

पूर्वतपासणीत प्रत्येक फाइलमध्ये Ctrl+F करून आकडा लिहायचा. Find whole words only वर टिक नको, नाहीतर 'विभागाने', 'विभागाच्या' निसटतात. रजेच्या नियमांच्या फाइलमध्ये जुने नाव 14 ठिकाणी सापडले. त्यांतले 3 उल्लेख 2016 च्या आदेशातले. त्या आदेशावर सही आस्थापना विभागाचीच आहे, तिला आज मनुष्यबळ कसे चिकटवणार? अशा फाइलीत Replace All बंद. Find Next करत एकेक ठिकाण बघायचे. काम संपल्यावर जुने नाव शोधले तर आकडा पुन्हा 14 च येतो, आणि यावर हमखास आरडाओरडा होतो. बघायचा तो नव्या नावाचा आकडा. तो 11 हवा.

खरी गंमत शून्य दाखवणाऱ्या फायलींची. पडद्यावर 'आस्थापना विभाग' ठसठशीत दिसतोय आणि वर्ड म्हणतो, असा कोणी इथे राहत नाही! अशा वेळी कर्सर त्या शब्दावर ठेवून वरचा फॉन्टचा रकाना बघावा. तिथे शिवाजी किंवा डीव्हीबीटीटी असेल, तर ते अक्षर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. खात्री करायची तर कॉपीत फॉन्ट एरियल करावा. विभागाची जागा इंग्रजी गिचमीड घेते. असा मजकूर युनिकोडमध्ये नेल्याशिवाय शोध लागत नाही. लोगोखालचे नाव तर चित्रच असते. तिथे नवे चित्रच लावावे लागते.

पत्रक मंजूर झाले. फक्त त्याच्या तळाशी 'आस्थापना विभाग' असेच राहू द्या, असा शेरा आला, कारण नवे शिक्के अजून आलेले नाहीत.