रात्रीच्या डॉक्टरला कोड्यात टाकणारी नोट कशी लिहावी

वॉर्डातल्या पेशंटची रोजची नोट नेमकी कोणासाठी लिहायची, हा प्रश्न नवशिक्यांना पडतो. तुम्हाला तो पडायचं कारण नाही. पेशंट तुमचा, राउंड तुमचा, सगळं तुमच्या डोक्यात पक्कं. संध्याकाळी डोकं घेऊनच तुम्ही घरी जाता, ते सोडा. मागे राहते ती नोट, आणि पेशंटला आयुष्यात कधी न पाहिलेला रात्रीचा डॉक्टर. त्याची रात्र रंगतदार व्हावी म्हणून थोडं मार्गदर्शन.

पहिलं, कालची नोट उचला आणि आज चिकटवा. तारीख तेवढी बदला. ती विसरलात तरी बिघडत नाही.

दुसरं, निदान आणि पुढचा बेत अगदी तळाला ठेवा. त्याच्यावर दाखल झाल्यापासूनचे सगळे रिपोर्ट जसेच्या तसे ओता, अधूनमधून दोनदा. लॉरेन्स वीड नावाच्या डॉक्टरांनी 1960च्या दशकात हट्टाने सांगितलं की नोंदी पेशंटच्या एकेका प्रॉब्लेमप्रमाणे लिहा आणि प्रत्येकाखाली त्याचा बेत मांडा. आपण त्यातून तक्रार, तपासणी, निदान, बेत ही 'SOAP' नावाची चार अक्षरांची उतरंड तेवढी घेतली, प्रॉब्लेम तिथेच ठेवले. काही ठिकाणी आता ही उतरंड उलटी करतात, म्हणजे निदान आणि बेत वर, आकडे खाली. तसलं काही करू नका. पहिल्याच ओळीत उत्तर सापडलं तर वाचणाऱ्याला शोधाचा आनंद कसा मिळणार?

तिसरं, बेताच्या जागी 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट' लिहा. हे माझं फार लाडकं, कारण गेल्या आठवड्यात मला त्याचा प्रसाद मिळाला.

पहाटे 2 वाजता सिस्टरांचा फोन आला. "डॉक्टर, 6 नंबरच्या आजींचं बीपी 88 बाय 54 आहे. बोलतायत, पण मला काही ठीक दिसत नाहीये." गेले. आजी अंथरुणात आडव्या, थोड्या पेंगुळलेल्या, पण रात्री 2 वाजता कोण टवटवीत असतं? नोट उघडली. दिवस सहावा. हृदयाचं पंपिंग 25 टक्के, अंगावर सूज आणि धाप म्हणून दाखल. इतपत छान. मग खाली: जनरल कंडिशन फेअर, व्हायटल्स स्टेबल, बीपी मॉनिटर करणे, कंटिन्यू सेम ट्रीटमेंट.

सेम म्हणजे कसलं सेम? बीपी मॉनिटर करून पुढे काय करायचं, त्याला हार घालायचा? आजींना लघवीचं औषध सहा दिवस शिरेतून चालू आहे. पाणी काढता काढता त्या कोरड्या पडल्या असतील तर सलाईन द्यायला हवं. फुप्फुसात अजून पाणी असेल तर तेच सलाईन त्यांना बुडवेल. ठरवायला मला एकच गोष्ट हवी होती: वजन कुठून कुठे आलं? नोटमध्ये वजन होतं, 71.2 किलो. आदल्या दिवशीही 71.2. त्याच्या आदल्या दिवशीही. सहा दिवस लघवीचं औषध घेणाऱ्या बाईचं वजन दशांशापर्यंत हलत नाही, नाडी रोज 78, श्वास रोज 18. इतकी स्थिर माणसं फक्त चिकटवलेल्या नोटमध्येच राहतात. पण ते वजन खोटं आहे हे कळलं म्हणून खरं थोडंच कळतं? दिवसपाळीच्या डॉक्टरांना फोन लावला, लागला नाही. छाती ऐकली, तळाला थोडी खरखर, नवी की जुनी कोण सांगणार. लघवी कमी झालीय असं सिस्टर म्हणाल्या. मी कोरडेपणा धरला. 250 मिली सलाईन सोडलं, बीपी हललं नाही, म्हणून आणखी 250.

तासाभरात आजी उठून बसल्या. आडवं होववेना. ऑक्सिजन 96 वरून 89, खरखर छातीच्या मध्यापर्यंत. सलाईन बंद, तोंडाला मास्क, शिरेतून लघवीचं औषध फ्युरोसेमाइड 40. चार वाजेपर्यंत मी त्यांच्या पलंगाशी उभी होते आणि त्या माझा हात धरून बसल्या होत्या. उजाडेपर्यंत सावरल्या.

मग, हात मोकळा झाल्यावर, जुन्या नोटा उपसल्या. दिवस तिसरा, खालून पाचवी ओळ, दोन लांबलचक रिपोर्टांच्या मध्ये दडलेली: 'सिस्टॉलिक 85 ते 95 हे यांचं नेहमीचं, सलाईन देऊ नये.' हे कोणाला तरी माहीत होतं. त्या माणसाने ते लिहिलंही होतं. चौथ्या दिवशी कोणी तरी दुसऱ्या दिवसाची नोट चिकटवली आणि ती ओळ गायब झाली.

असो. पुढचे सल्ले.

चौथं, रक्ताचा रिपोर्ट यायचा असेल तर 'रिपोर्ट पाहून निर्णय' लिहा. कोणी पाहायचा, कधी येणार, किती आला तर काय, हे उघड करू नका.

पाचवं, बंद केलेली औषधं बेतातून काढू नका, सवय झालेली असते त्यांची.

सहावं, स्वतःची लघुरूपं वापरा.

पुरे झाली थट्टा, आता सरळच बोलते. त्या नोटच्या डोक्यावर एवढंच हवं होतं:

'दिवस 6. हृदय कमजोर, पंपिंग 25 टक्के, सुधारतायत. वजन 71.2 वरून 67, आणखी 2 किलो उतरवायचं आहे. बीपी 85 ते 95 नेहमीचं: बोलत असतील आणि हातपाय गरम असतील तर काही करू नये, सलाईन नाहीच. 80च्या खाली गेलं, ग्लानी आली किंवा हातपाय गार पडले तर रात्रीची फ्युरोसेमाइड थांबवून मला फोन. पोटॅशियम सकाळी 3.4, रात्री 10 ला पुन्हा, अजूनही 3.5 च्या खाली असेल तर आणखी तोंडाने पोटॅशियम.'

सहा-सात ओळी. लिहायला चार मिनिटं. पेशंट सुधारतोय की ढासळतोय, आज काय बदललं, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं आणि काय करायचं नाही. यातलं 'काय करायचं नाही' कोणी लिहीत नाही, आणि माझ्या हातून चूक झाली ती नेमकी तिथेच. बाकीचे आकडे खाली राहू देत, हवे तेव्हा बघता येतात. कॉपी करायचीच असेल तर जुना इतिहास करा. वजन, बीपी, निदान आणि बेत रोज कोऱ्या जागेत लिहा. काल लिहिलेलं आजही खरं असेल तर पुन्हा लिहायला हात झिजत नाहीत. आणि ते खरं नसेल, तर ते पुसायचं काम तुमचं आहे, माझं नाही.

सलाईन मी दिलं. ते माझ्या खात्यावर आहे, ते मी नाकारत नाही. पण सकाळी 8 वाजता मी तुम्हाला तोंडी सगळं सांगून घरी गेले, आणि रात्री ड्युटीवर परत आले तेव्हा 6 नंबरची सातव्या दिवसाची नोट उघडली. व्हायटल्स स्टेबल. वजन 71.2. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. अहो, लाज नाही वाटत?