पाऊच टाकलं म्हणून सळी सुटत नाही

“स्लॅबला सळी नकोच! सिमेंटच्या एका बॅगला फायबरचं एक पाऊच टाका, भेगा कायमच्या बंद. बोगदेसुद्धा आता जाळीशिवाय नुसत्या फायबरवर उभे आहेत. सळी खपवायची म्हणून कोणी सांगत नाही.”

आमच्या फोंड्याच्या साइटवर हा मेसेज एका आठवड्यात तिघांनी दाखवला. त्यातला एक सेंट्रिंगवाला होता, म्हणून जरा घाबरलोच.

आधी पाऊचबद्दल. त्यात पॉलिप्रॉपिलीनचे केसाइतके बारीक, साधारण १२ मिमी लांबीचे धागे असतात. घनमीटरला जेमतेम ९०० ग्रॅम. काँक्रीट ओलं असताना वरचं पाणी वाऱ्याने भराभर उडालं की पहिल्या काही तासांत पृष्ठभाग आकसतो आणि बारीक चिरा पडतात. त्या चिरा हे धागे खरोखर आवरतात. जानेवारी-फेब्रुवारीत पत्रे न चढलेल्या शेडमध्ये, दुपारच्या वाऱ्यात कोबा करताना मी स्वतः ते घालतो, जुलैत सहसा घालत नाही. पण काँक्रीट घट्ट झालं की ते त्या धाग्यापेक्षा सात-आठ पट ताठ होतं. पुढे भार आला की धागा नुसता ताणला जातो, भार उचलत नाही. क्युरिंगही या पाऊचने सुटत नाही.

आता स्लॅब. पाऊच सोडा, चांगलं टोकं वाकवलेलं स्टील फायबर घेऊन हिशेब करू. साडेतीन मीटर गाळ्याची, दोन भिंतींवर टेकलेली, १२५ मिमी जाडीची घराची स्लॅब. स्वतःचं वजन, लादी आणि माणसं-सामान धरून, सुरक्षेचा गुणक लावला की मीटरभर रुंदीच्या पट्ट्याला मधोमध साधारण १४ किलोन्यूटन-मीटर वाकवणारा जोर येतो. १० मिमीची सळी २०० मिमीवर बांधली तर ती १६ च्या आसपास पेलते. घनमीटरला २५ किलो स्टील फायबर, खाच पाडलेल्या तुळईच्या चाचणीत भेग पडल्यावरही २ मेगापास्कल ताण टिकवणारं, हिशेबात बसवलं तर येतात ५, आणि सुरक्षेचा गुणक लावल्यावर साडेतीन. म्हणजे गरजेचा चौथा हिस्सा.

कारण साधं आहे. सळी खाली, जिथे ताण येतो तिथेच असते आणि टेकूपर्यंत सलग जाते. फायबर सगळीकडे विखुरलेलं, निम्मं तर दाबाच्या बाजूला, आणि ६० मिमीचा तुकडा भेग रुंदावताच हळूहळू उपसला जावा अशीच त्याची रचना असते.

जमिनीवरच्या फरशीत मात्र खालची माती आधार देते, म्हणून तिथे स्टील फायबर जाळीची जागा घेऊ शकतं. वेर्ण्याला एका गोदामात १५० मिमीचा कोबा आम्ही २५ किलोवर केला. पहिल्या गाडीतलं ताजं काँक्रीट १० लिटर घेऊन धुतलं, लोहचुंबक फिरवला, वजन केलं: २५० ग्रॅम हवे होते, निघाले १४०. खोकी एकदम ड्रममध्ये उलटली होती, त्यामुळे गोळे झाले होते. पुढच्या गाड्यांना हळूहळू, ड्रम वेगात फिरवत घातलं आणि आकडा जमला.

खरी चूक नंतर झाली. “फायबर आहे, ग्रूव्ह कशाला” म्हणत कटरवाल्याने दोन दिवस उशीर केला. भेग ठरलेल्या रेषेतच पडावी म्हणून कापायचे हे ग्रूव्ह दुसऱ्या दिवशीच, साडेचार मीटरवर, जाडीच्या किमान पाव खोलीचे हवे होते. खांबाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालीच. फायबरने तिला ०.३ मिमीवर धरून ठेवलं, तिच्या कडा फोर्कलिफ्टखाली तुटल्या नाहीत, एवढं श्रेय त्याचं. ती पडू न देणं त्याच्या हातात नव्हतं. सांध्यांवर भार पलीकडच्या तुकड्याला पोचवणारे डॉवेल बारही त्याने वाचत नाहीत, आणि भराव नीट न ठोकल्याने खचणारी जमीनही सावरत नाही. (पृष्ठभागावर गंजाचे ठिपके दिसले म्हणून मालक घाबरले होते. ते दिसण्यापुरतेच असतात, सळीसारखे काँक्रीट फोडत नाहीत.)

राहिला बोगदा. फवारलेल्या काँक्रीटमध्ये जाळी खरंच वगळता येते. खडबडीत खडकावर जाळीमागे पोकळ्या राहतात, फायबर मात्र फवाऱ्याबरोबर खडकाला चिकटून बसतं. पण तिथे भार मुळात खडकच कमानीसारखा पेलतो आणि त्याला शिवून ठेवतात रॉक बोल्ट. फायबर फक्त बोल्टांमधला थर फुटल्यावर धरून ठेवतं. फवारताना काही फायबर उसळून खाली पडतं, म्हणून नमुना मिक्सरमधून नाही, फवारलेल्या पॅनेलमधून घ्यायचा. मऊ, ओल्या मातीत लॅटिस गर्डर, म्हणजे सळ्या जोडून केलेल्या कमानी, लागतात, आणि मागचं पाणी वाहून न्यायला पाइप.