मधलं काढ, टोकं ठेव

‘मामा, पंचायतीला द्यायचं आईचं पत्र पानभर झालंय. थोडक्यात लिहून आणा म्हणतात. नमस्कार-विनंती काढली तर उद्धट वाटेल, ठेवली तर लांब होतं. काय काढू?’
(भाचीचा निरोप, डिचोलीहून)

लिस्बनमध्ये मी हे घरच्या ग्रुपवर वाचलं, तोवर तिथे वाद पेटलाही होता. धाकटा भाऊ बँकेत आहे. त्याचं म्हणणं, ‘मायना-बियना सोड. "कृपया" घाल आणि काम सांग.’ वयनीला प्रश्न भलताच समजला: ‘मराठींत कित्याक? कोंकणींत बरय गो.’ मग तिने नळाच्या बिलाबद्दल दिलेल्या अर्जाला वर्षभर उत्तर आलं नाही, ती कहाणी सांगितली. तो अर्ज कुठल्या भाषेत होता, हे काही सांगितलं नाही. आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि अर्ज मराठीत, हे आजोबांपासून चालत आलंय. गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, तरी सरकारी कामाला मराठीही चालते. तो वाद मोठा आहे, पण भाचीचा प्रश्न तो नव्हता.

सगळ्यात कामाचं बोलले ते भाऊकाका. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. ‘कागद सरपंचाच्या आधी कारकुनाच्या हातात जातो. तो ‘विषय’ वाचतो आणि इनवर्डला तेवढंच उतरवतो. विषय तीन ओळींचा असला तर तो आपल्या मनाने लहान करतो, आणि मग पुढे तो कागद त्याच्याच शब्दांनी शोधावा लागतो.’

म्हणून मी भाचीला आधी विषयच विचारला. तिने लिहिला होता: ‘माझे पती वारल्यामुळे त्यांच्या नावावर असलेल्या घराच्या घरपट्टीवर माझे नाव लावून मिळण्याबाबत विनंती अर्ज’. यातला नेमका भाग एवढाच: ‘घर क्र. अमुकच्या घरपट्टीवर नाव बदलणे’. ‘विनंती अर्ज’ हे विषयात लागत नाही, कारण विनंती खाली येणारच आहे.

मजकूर असा सुरू होत होता: ‘वरील विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की, मी खाली सही करणारी आपल्या पंचायत क्षेत्रातील कायम रहिवासी असून...’ हे वाक्य कोणाचाच आदर करत नाही. ‘सादर करण्यात येते’ ही कचेरीची बोली आहे, कचेऱ्या एकमेकींना परिपत्रकं पाठवतात तेव्हाची. एका बाईने सरपंचबाईंना लिहिताना ती कशाला? त्यात भर म्हणजे विनंती तीनदा होती: एकदा विषयात, एकदा ‘आपणांस नम्र विनंती आहे की’ म्हणून, आणि शेवटी ‘ही पुनश्च विनंती’. विनंती एकदाच असावी, आणि मागणीच्या वाक्यातच.

भावाचं म्हणणं अर्धं खरं, की मधला पसारा जायला हवा. पण ‘कृपया’वर त्याचा फारच विश्वास. ‘कृपया घरपट्टीवर नाव बदला’ हे वाचा. देवळाच्या दारात ‘कृपया चपला बाहेर काढा’ अशी पाटी असते, तशी ती आज्ञाच राहते. मराठीत अदब क्रियापदात राहते: ‘बदला’, ‘बदलावे’, ‘बदलावे ही विनंती’ यांत उतरंड आहे. पत्र छोटं करताना माणसं नेमकं हेच ‘-आवे’ छाटतात, कारण एखादं अक्षर कमी होतं. मग वर ‘मा.’ आणि खाली ‘आपला नम्र’ असूनही पत्र फर्मान वाटतं. आपलं पत्र बिघडलंय का ते पाहायचं तर मायना आणि शेवट हाताने झाकून फक्त मधली वाक्यं मोठ्याने वाचावीत. त्यातही समोरच्याला ‘आपण’ म्हणतोय असं वाटलं, तर ठीक.

इथल्या पत्रव्यवहाराशी मी ताडून पाहतो. पोर्तुगीज कचेरीला लिहिताना ‘एक्सेलेंतिसिमु सेन्योर’ असा भारदस्त मायना असतो, पण कागदावर तो ‘Exmo. Senhor’ एवढाच उतरतो. शेवटी ‘कों उझ मेल्योरिश कुंप्रिमेंतुश’, म्हणजे शुभेच्छांसह. मधला मजकूर तीन-चार ओळींचा. आदर आखडत नाही, शब्द आखडतात. मला यात परकं काही वाटत नाही, कारण आपलं ‘सा. न. वि. वि.’ हेच करतं: साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ‘श्री. रा. रा.’ही तसंच. संक्षेप करायला आपल्याला लिस्बनने शिकवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र इथूनच दिसली. आजोबांच्या पेटीत १९६१च्या आधीचे सरकारी कागद आहेत, त्यांवर शेवटी ‘आ बें द नासांव’ छापलेलं, म्हणजे राष्ट्राच्या भल्यासाठी. सालाझारच्या राजवटीत सरकारी पत्राला तो शेवट असायचा. १९७४च्या क्रांतीनंतर तो गेला. समोरच्या माणसाला उद्देशून नसलेला शिष्टाचार हुकमाने येतो आणि हुकमासोबत जातो. ‘आपली विश्वासू’ असा नाही, तो वाचणाऱ्याला उद्देशून आहे. म्हणून मी मायना आणि शेवट दोन्ही ठेवतो, मधलं काढतो.

भाचीला पाठवलेलं पत्र हे असं:

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत (गावाचे नाव)

विषय : घर क्र. ( ) च्या घरपट्टीवर नाव बदलणे

महोदया,

वरील घराची घरपट्टी माझ्या दिवंगत पतींच्या नावे आहे. ती यापुढे माझ्या नावे करावी, ही विनंती. मृत्यूचा दाखला, गेल्या वर्षाची पावती आणि मुलांचे ना हरकत पत्र जोडले आहे. आणखी कागद लागल्यास कळवावे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, तारीख)

सरपंच बाई आहेत म्हणून ‘महोदया’. भाचीच्या मूळ पत्रात ‘महोदय’ होतं, कारण जुन्या पत्रावरून उतरवलेलं. हे एक अक्षर चुकलं की वरची सगळी अदब नक्कल केलेली वाटते. ‘मा.’ एकदाच पुरतो, ‘मा. श्री. सरपंचसाहेब’ अशी रास नको. ईमेलने पाठवायचं तर ‘विषय’ विषयाच्या जागी जातो आणि मजकुरात पुन्हा लिहावा लागत नाही. आधी काही पत्रव्यवहार झाला असेल तर ‘संदर्भ’ची ओळ, जुन्या पत्राचा क्रमांक आणि तारखेसह, कधीच काढू नये. ती लांबी नाही, तो पत्ता आहे.

भाऊकाकांना हे सगळं पसंत पडलं, एक सोडून: शेवटी ‘कळावे’ नाही. मी म्हटलं, ‘कळवावे’ वर आलंच आहे. ते म्हणाले, ‘ते कागदांसाठी. हे माणसासाठी.’ मी अजूनही मानत नाही. वयनी म्हणाली, कोंकणीत असा प्रश्नच आला नसता, आणि तिला कोणी उत्तर दिलं नाही.

काल शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो आला. पंचायतीने आणखी एक कागद मागितलाय. आणि सहीच्या वर, भाऊकाकांच्या वळणदार अक्षरात, ‘कळावे,’ असं वाढवलेलं आहे.